लहान आकारातील नागरी अंक : आकडेफलकावरील वाचनीयतेचा प्रश्न

शब्दाचे वाचन आणि अंकाचे वाचन या दोन क्रिया वरवर सारख्या दिसल्या तरी त्यांत एक मूलभूत भेद आहे. शब्दातील एखादे अक्षर पुसट झाले तर वाचक ते मागच्यापुढच्या अक्षरांवरून, आणि तेवढ्याने न भागल्यास वाक्याच्या अर्थावरून, भरून काढतो. हस्तलिखितांच्या संपादनात पाठनिश्चिती शक्य होते ती पुष्कळ अंशी याच बळावर. अंकाच्या बाबतीत हा आधार नाहीसा होतो. ८१.९ या संख्येच्या जागी ८९.१ वाचले गेले तर ती चूक दाखवून देणारे त्या ओळीत काहीही नसते. दोन्ही संख्या सारख्याच संभवनीय असतात. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथकारांना हा धोका चांगलाच ठाऊक असावा. भूतसंख्यापद्धतीत चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार असे शब्द योजून संख्या श्लोकात बांधली जाई. छंदाची सोय हा तिचा एक हेतू खरा. पण लेखनिकाच्या हातून अंक बिघडला तर तो ओळखता येत नाही, शब्द बिघडला तर वृत्त तरी मोडते, हा लाभही लहान नव्हता. धनादेशावर आज ‘अक्षरी रुपये’ लिहावे लागतात त्यामागेही हेच शहाणपण आहे.

संगणकाच्या पडद्यावरील आकडेफलकाला, म्हणजे ज्याला सर्वत्र डॅशबोर्ड म्हणतात त्याला, आणि वृत्तपत्रांतील माहितीचित्रांना ही सोय परवडत नाही. तेथे स्तंभाच्या टोकाशी, नकाशावरील ठिपक्यालगत किंवा वर्तुळाच्या फाकेत जेमतेम तीनचार अंक मावतील एवढीच जागा असते, आणि लेबलाचा फॉन्ट बहुधा १० ते १२ पिक्सेल आकारात बसवलेला असतो. म्हणून अशा फॉन्टची परीक्षा त्याच्या एकंदर सौंदर्यावर न करता, त्यातील प्रत्येक अंक शेजारच्या अंकांच्या मदतीवाचून ओळखू येतो की नाही, यावर करावी लागते.

ही कसोटी छापखान्याच्या जगात पूर्वीच लागलेली आहे. अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीच्या दूरध्वनी-निर्देशिकांसाठी मॅथ्यू कार्टर यांनी १९७८ मध्ये ‘बेल सेंटेनियल’ हा फॉन्ट सिद्ध केला. त्याचा नेहमीचा आकार ६ पॉइंट. हलक्या कागदावर वेगाने छापताना शाई पसरते आणि रेघा जेथे मिळतात ते कोपरे बुजून जातात, म्हणून कार्टर यांनी त्या कोपऱ्यांत मुद्दाम खाचा ठेवल्या. मोठ्या आकारात तो फॉन्ट कुरतडल्यासारखा दिसतो. ६ पॉइंटवर खाचा शाईने भरून अक्षर नितळ उमटते. पुढे याच कार्टर यांनी मायक्रोसॉफ्टसाठी रेखाटलेले ‘व्हर्डाना’ आणि ‘जॉर्जिया’ हे फॉन्ट १९९६ मध्ये प्रसृत झाले. व्हर्डानाचे अंक एका उंचीचे आहेत. जॉर्जियाचे अंक जुन्या ग्रंथपरंपरेप्रमाणे वरखाली होणारे आहेत. कादंबरीच्या पानावर जॉर्जियातील सनावळ्या शोभून दिसतात, पण कोष्टकात तेच अंक ओळीबाहेर डोकावू लागतात. एकाच कलावंताने दोन वेगळ्या कामांसाठी दोन वेगळे अंक घडवले. अडचण होते ती वापरणारा हा भेद विसरतो तेव्हा.

नागरी अंकांचा प्रश्न यापेक्षा बिकट आहे, आणि तो बोटांवर मोजून दाखवता येतो. पडद्यावर शाई पसरत नाही. पण रेघ एका पिक्सेलहून बारीक झाली की ती करड्या छटेत विरते, आणि दोन रेघांमधील पांढरी जागा एका पिक्सेलहून कमी झाली की ती बुजते. आंतरराष्ट्रीय 3 ला वरून खाली तीन आडव्या रेघा आणि त्यांमधील दोन मोकळ्या जागा लागतात. म्हणजे किमान ५ पिक्सेल उंची. नागरी ३ ला एवढे सर्व लागून वर खाली उतरणारे शेपूट लागते. त्यासाठी आणखी दोन पिक्सेल धरले तर किमान उंची ७ होते. आता फॉन्टचा आकार १० पिक्सेल म्हटला म्हणजे अंक १० पिक्सेल उंच असतो, असे नाही. बहुतेक रोमन फॉन्टमध्ये अंकाची उंची त्या आकाराच्या सुमारे ०.७ पट असते, म्हणून तेथे ७ पिक्सेल मिळतात आणि पाचांची गरज भागून दोन उरतात. नागरीत वरच्या-खालच्या मात्रांसाठी जागा राखावी लागल्याने अक्षरांबरोबर अंकही पुष्कळदा लहान ठेवलेले असतात. समजा, एखाद्या फॉन्टमध्ये हे प्रमाण मोजून ०.६ निघाले, तर १० च्या आकारात अंकाच्या वाट्याला ६ पिक्सेल येतात. सातांची गरज भागत नाही. तेथे १२ चा आकार घेतला तरच गाडी रुळावर येते. रोमन लेबलांसाठी ठरवलेला आकार नागरीला जसाच्या तसा लावण्याची सर्वत्र रूढ झालेली सवय येथे नडते. अलीकडच्या दूरध्वनीसंचांच्या पडद्यांवर एका पिक्सेलच्या जागी दोनतीन सूक्ष्म बिंदू असतात, त्यामुळे तेथे हा हिशेब सैल होतो. कचेरीतील जुन्या पडद्यावर आणि सभागृहातील प्रक्षेपकावर तो पुरता लागू राहतो.

एक उदाहरण तपशिलाने पाहू. महाराष्ट्रातील धरणांच्या साठ्याचा एक फलक कल्पावा. कोयना ८९.१, जायकवाडी ८१.९, उजनी ६३.६ आणि भंडारदरा ३६.३ असे टक्के त्यावर १० पिक्सेलच्या लेबलांनी दाखवले आहेत. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. पहिल्या दोन ओळींत १ आणि ९ यांची अदलाबदल आहे. दोहोंना वर गाठ आणि खाली उतरती रेघ. भेद आहे तो ९ च्या डोक्यापाशी असलेल्या जादा वळणात. वळणाची पांढरी जागा बुजली की दोन्ही लेबले एकसारखी दिसू लागतात, आणि कोयनेचा साठा सात टक्क्यांनी खाली येतो. पुढील दोन ओळींतील ३ आणि ६ हे एकमेकांचे जवळजवळ आरशातील प्रतिबिंब आहेत. दोहोंत काळ्या भागाचे प्रमाण सारखेच. ३ चे तोंड डावीकडे उघडते, ६ चे उजवीकडे. तोंड मिटले की दिशा कळत नाही. दशांशबिंदूची गत वेगळी. तो एका पिक्सेलचा फिकट ठिपका उरला, तर ६३.६ चे ६३६ होते. मात्र ही चूक पकडता येते, कारण टक्केवारी शंभरापलीकडे सहसा जात नाही. पहिल्या दोन चुकांना असा पहारेकरी नाही.

या फलकावर उपाय करताना ठळक फॉन्ट घेण्याकडे प्रथम मन धावते. पण ठळकपणाने रेघ जाड होते ती आतल्या पांढऱ्या जागेच्या जिवावर, म्हणून लहान आकारात तो उलट घातक ठरतो. मध्यम जाडी, उघडी तोंडे आणि मोठी गाठ असलेला फॉन्ट निवडावा, आकार १२ वर न्यावा आणि लेबल भरीव रंगाच्या पट्टीवरून उचलून शेजारच्या पांढऱ्या जागेत ठेवावे. फिकट करड्या लेबलांची हौस तर या आकारात सोडूनच द्यावी. मजकूर व पार्श्वभूमी यांतील उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ असावे हा आंतरजालाच्या सुगम्यतेचा मान्य नियम अंकांनाही लागू आहे. आकार वाढवण्यास जागा नसेल तर दशांश गाळून ८९ आणि ८२ लिहिणे हे अवाचनीय अचूकतेपेक्षा बरे.

कोष्टकात आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती अंकांच्या रुंदीची. सर्व अंक समरुंद असतील तर एककाखाली एकक, दशकाखाली दशक येते आणि आकडा बदलला तरी ओळ हलत नाही. त्यासाठी `font-variant-numeric: tabular-nums` अशी आज्ञा देतात. परंतु ही आज्ञा फॉन्टमध्ये तशी सोय असेल तरच पाळली जाते, आणि काही द्विलिपी फॉन्टमध्ये ती केवळ आंतरराष्ट्रीय अंकांपुरती असते. ११११ आणि ८८८८ एकाखाली एक लिहून उजव्या कडा जुळतात का ते पाहिले की निकाल हाती येतो.

याहून छुपी अडचण अशी की निवडलेल्या फॉन्टमध्ये नागरी अंकच नसतात. ‘इंटर’ किंवा ‘रोबोटो’ या लोकप्रिय रोमन फॉन्टांत ते नाहीत. मग संगणक कोणालाही न विचारता दुसऱ्या फॉन्टातून अंक उसने आणतो. विंडोजवर पूर्वी हा मान ‘मंगल’कडे असे, २०१२ मधील विंडोज ८ पासून ‘निर्मला यूआय’ आला, अँड्रॉइडवर ‘नोटो’ मिळतो. (‘मंगल’ रेखाटणारे र. कृ. जोशी हे मराठी वाचकांना कवी आणि सुलेखनकार म्हणूनही परिचित आहेत, हे जाता जाता नोंदवावे.) परिणामी एकाच फलकाची जाडी, उंची आणि रुंदी यंत्रागणिक बदलते, आणि रचनाकाराने आपल्या पडद्यावर केलेली तपासणी वाचकाच्या पडद्यावर व्यर्थ ठरते. म्हणून ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ यांसारखा नागरी अंक असलेला फॉन्ट फलकाबरोबरच पाठवणे आणि त्याचे नाव स्पष्ट लिहिणे, हाच मार्ग उरतो.

बहुभाषिक वाचकवर्गाच्या दृष्टीने सर्वांत गंभीर दोष मात्र दोन अंकपद्धतींच्या मिसळीचा आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३४३ ने संघराज्याच्या शासकीय कामासाठी भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप स्वीकारले. महाराष्ट्राच्या राज्यकारभारात नागरी अंक रूढ आहेत. मराठी वाचक दोन्ही जाणतो, म्हणूनच तो फसतो. लहान आकारात ४ चे वरचे तोंड मिटले की तो थेट 8 दिसतो, आणि १ तर मोठ्या आकारातही 9 चा सख्खा भाऊ आहे. ही मिसळ कोणी हेतुपुरस्सर करत नाही. आलेखाच्या अक्षावरील आकडे एका आज्ञावलीतून येतात, लेबले दुसऱ्या. एकीला मराठीची जाण असते, दुसरीला नसते. जावास्क्रिप्टमध्ये मराठी निवडल्यास अंक आपोआप नागरी होतात, आणि वेगळे सांगितल्यास आंतरराष्ट्रीय राहतात :

```js
new Intl.NumberFormat('mr-IN').format(1234567)
// १२,३४,५६७
new Intl.NumberFormat('mr-IN-u-nu-latn').format(1234567)
// 12,34,567
```

दोन्ही उत्तरांत लाख-हजारांचे स्वल्पविराम आपल्या रीतीने पडले आहेत, ही जमेची बाजू. यांपैकी कोणतेही एक रूप निवडून अक्ष, लेबले, तारखा आणि तळटीप या चारही ठिकाणी तेच वापरावे. फलक मराठीबाहेरच्या वाचकांसाठीही असेल तर आंतरराष्ट्रीय अंक घेण्यात भाषाभिमानाची हानी मानण्याचे कारण नाही. नागरीतही ५ आणि ८ यांची रूपे प्रदेशपरत्वे भिन्न आहेत, आणि नेपाळी वळणाचा ५ पुण्यातल्या वाचकाला क्षणभर थांबवतोच.

तपासणीची रीत साधी आहे. १९, ९१, ३६, ६३, ४८, ८४, ५०.० आणि ५०० एवढ्या संख्या प्रत्यक्ष वापरायच्या आकारात, क्रम बदलून लिहाव्यात आणि ज्याने त्या पूर्वी पाहिलेल्या नाहीत अशा माणसाला नेहमीच्या अंतरावरून मोठ्याने वाचायला सांगाव्यात. तो जेथे पुढे झुकतो किंवा डोळे बारीक करतो, तेथे उच्चार बरोबर असला तरी त्या जोडीपुढे खूण करावी आणि एक पिक्सेल वाढवून पुन्हा वाचून घ्यावे.