घुमट, तळ आणि उणे चिन्ह

(खुर्सीपारमधलं एक मराठी घर. आत्या गणिताच्या निवृत्त शिक्षिका, भाची बी.एस्सी.ला.)

भाची : आत्या, z = 4 − x² − y² हा घुमट, z ≥ 0. क्षेत्र F = (x + sin(yz), y + e^(xz), z + 3). घुमटातून बाहेर जाणारा फ्लक्स काढायचाय. सरळ इंटिग्रेशन करायला बसले, तर sin आणि e पिच्छाच सोडत नाहीत.

आत्या : मग सरळ जाऊच नकोस. डायव्हर्जन्स किती येतो?

भाची : sin(yz) मध्ये x नाही, e^(xz) मध्ये y नाही, म्हणजे दोन्ही गळाले. 1 + 1 + 1 = 3!

आत्या : आता गॉसचं प्रमेय. आजोबांच्या रशियन पुस्तकांत त्यालाच ऑस्त्रोग्राद्स्की-गॉस म्हणतात. बंद पृष्ठभागातून बाहेर पडणारा फ्लक्स म्हणजे आतल्या घनफळावर डायव्हर्जन्सचं इंटिग्रल.

भाची : पण घुमट खालून उघडा आहे.

आत्या : म्हणून z = 0 वर त्रिज्या 2 ची चकती लावायची. घनफळ काढ.

भाची : 2π∫(4 − r²) r dr, 0 ते 2. आलं 8π. तिप्पट केलं की 24π. झालं उत्तर!

आत्या : हे घुमट आणि तळ मिळून झालं. प्रश्न बंद पृष्ठभागाचा असता, तर इथेच थांबलो असतो. तुला एकटा घुमट हवाय, तेव्हा तळाचा वाटा वजा कर.

भाची : तळावर z = 0, म्हणून तिसरा घटक 3. क्षेत्रफळ 4π. वाटा 12π. 24π − 12π = 12π.

आत्या : तळाचा लंब कुठल्या दिशेला धरलास?

भाची : वर... नाही, बाहेर म्हणजे खाली! मग वाटा −12π, आणि घुमटातून 24π + 12π = 36π.

आत्या : बरोबर. पण दुसऱ्या वाटेनेही पडताळून बघ. फक्त (0, 0, 3) हा तुकडा घे. त्याचा डायव्हर्जन्स शून्य, म्हणजे तळातून जेवढं आत शिरलं तेवढंच घुमटातून बाहेर पडणार. किती?

भाची : 12π. उरलेल्या क्षेत्राचा तिसरा घटक z, तो तळावर शून्य. म्हणजे तळातून काहीच नाही, सगळे 24π घुमटातून. बेरीज 36π!

आत्या : चिन्ह चुकवून आलेलं 12π इथे लगेच पकडलं गेलं असतं.

भाची : मग दरवेळी चकती लावायची आणि वजाबाकी करायची, एवढंच ना?

आत्या : आत क्षेत्र सगळीकडे नीट असेल तरच. व्यस्त वर्गाच्या क्षेत्राचं केंद्र घुमटाच्या आत असेल, तर केंद्र सोडून सगळीकडे डायव्हर्जन्स शून्य, पण बाहेरचा फ्लक्स शून्य नाही. तिथे आधी केंद्राभोवती छोटा गोल कापून काढायचा, मग प्रमेय लावायचं. आणि केंद्र नेमकं तळावरच असेल, तर तळाची चकतीही तिथून कापावी लागते.