पाच लाखांच्या कागदावर सही करण्याआधी : विनादोष भरपाई आणि थर्ड पार्टी विमा



मागच्या आठवड्यात आपल्या एका सभासदाच्या घरची वहिनी कचेरीत आली. हातात विमा कंपनीचं पत्र. तिचा नवरा ट्रॉलरवर खलाशी होता. पहाटे साडेचारला सायकलवरून जेटीकडे जाताना मागून आलेल्या पिकअपने त्याला उडवलं आणि तो जागीच गेला. पत्रात लिहिलं होतं की कंपनी पाच लाख रुपये द्यायला तयार आहे, मान्य असेल तर सही करा. वहिनीने एवढंच विचारलं, "सही करूं काय नको?"

हा प्रश्न उद्या कोणाच्याही दारात येऊ शकतो. म्हणून तिला जे समजावून सांगितलं, तेच इथे लिहितो.

हे पाच लाख कसले?

मोटार वाहन कायद्यात भरपाई मिळवण्याच्या दोन वाटा आहेत.

पहिली वाट कलम 164 ची. हिला विनादोष भरपाई म्हणतात. इथे चूक कोणाची होती हा प्रश्नच विचारला जात नाही. वाहनाच्या वापरामुळे अपघात होऊन माणूस गेला, एवढं दाखवलं की पुरे. रक्कम कायद्यानेच ठरवलेली आहे. मृत्यू झाल्यास 5 लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख. हाड मोडलं तरी ती कायद्याने गंभीर दुखापतच. पूर्वी विनादोष भरपाई फार कमी होती, मृत्यूला 50 हजार आणि कायमच्या अपंगत्वाला 25 हजार. 2019 मध्ये कायदा बदलला आणि हे नवे आकडे 1 एप्रिल 2022 पासून लागू झाले.

दुसरी वाट कलम 166 ची. इथे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे अर्ज करायचा आणि वाहन चालवणाऱ्याची चूक दाखवायची. फौजदारी खटल्यात लागतो तसा कडक पुरावा इथे लागत नाही. पंचनामा, साक्षीदार, वाहनाची अवस्था यांवरून चूक असण्याची शक्यता जास्त दिसली तरी चालते. या वाटेला रकमेची मर्यादा नाही. घराचं खरं नुकसान किती झालं, त्यावर भरपाई ठरते.

अपघाताची खबर मिळाल्यावर विमा कंपनीला एक अधिकारी नेमावा लागतो आणि तो तीस दिवसांत तडजोडीचा देकार देऊ शकतो. वहिनीच्या हातातला कागद तोच होता. त्यात लबाडी काही नाही, कायद्यानेच ठेवलेली सोय आहे ती. पण एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. या पद्धतीने कलम 164 ची रक्कम स्वीकारली, की कलम 166 खालचा दावा संपतो. म्हणजे आज पाच लाख घ्यायचे आणि उरलेल्यासाठी पुढे भांडायचं, असं होत नाही. दोन्हीतली एकच वाट धरावी लागते.

मग हिशोब मांडला

खलाशाचं वय 38. घरात बायको, दोन मुलं आणि म्हातारी आई, म्हणजे त्याच्यावर अवलंबून चौघं. महिन्याला सरासरी 18 हजार मिळायचे, पण जून-जुलै बंदीचे दोन महिने कमाई नाही. म्हणून दहा महिने धरले. वर्षाचे झाले 1,80,000.

सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (2009) आणि प्रणय सेठी (2017) या दोन निकालांत हिशोबाची रीत घालून दिली आहे. देशभर न्यायाधिकरणं तीच वापरतात.

माणूस जगला असता तर त्याची कमाई वाढली असती, म्हणून आधी वाढ धरतात. पक्की नोकरी नसलेल्या आणि चाळिशीच्या आतल्या माणसाला ती 40 टक्के. 1,80,000 मध्ये 72,000 मिळवले, झाले 2,52,000.

त्यातले काही पैसे त्याने स्वतःवर खर्च केले असते, ते वजा करतात. चार ते सहा जण अवलंबून असतील तर एक चतुर्थांश. 63,000 गेले, राहिले 1,89,000. एवढी घराची वर्षाची तूट.

ही तूट वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणतात. 36 ते 40 वयाला तो आकडा 15. म्हणून 1,89,000 गुणिले 15, होतात 28,35,000 रुपये. अंत्यसंस्काराचा खर्च आणि घरच्यांनी गमावलेला आधार यांच्या ठरावीक रकमा त्यावर वेगळ्या.

वहिनी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली.

पण चूक त्याचीच निघाली तर?

हे विचारायलाच हवं. सायकलीला मागे दिवा नव्हता आणि विमा कंपनी तो मुद्दा काढणारच. न्यायाधिकरणाला ते पटलं तर चुकीची वाटणी होते आणि खलाशाच्या वाट्याइतकी रक्कम कापली जाते. अगदी अर्धी चूक त्याची धरली तरी 14 लाखांच्या वर रक्कम उरते.

इथे पंचनाम्यात सायकल रस्त्याच्या डाव्या कडेला पडलेली दाखवली आहे, मागचं चाक चेपलेलं आहे आणि बर्फाच्या कारखान्यातल्या कामगाराने पिकअप भरधाव येताना बघितली आहे. असा पुरावा हाती असताना पाच लाखांवर सही करणं म्हणजे भरलेलं जाळं कापून सोडणं.

उलट परिस्थिती असेल तर मात्र सल्लाही उलटा. समजा, माणूस अचानक धावत रस्त्यात आला, चालकाने ब्रेक लावला आणि चार साक्षीदार तेच सांगतात. मग कलम 166 खाली दावा फेटाळला जाऊ शकतो. अशा घरासाठी विनादोषचे पाच लाख हाच खरा आधार आहे आणि ते घेण्यात कसलाच कमीपणा नाही.

वयाचाही विचार करा. समजा, बाजारात मासळी विकणारी 68 वर्षांची म्हातारी गेली. महिन्याची कमाई 6,000 आणि तिच्यावर अवलंबून दोघं. साठीनंतर वाढ धरत नाहीत. वर्षाच्या 72,000 मधून एक तृतीयांश वजा केले की 48,000 राहतात. या वयाला आकडा 5. म्हणजे 2,40,000. ठरावीक रकमा मिळवूनही पाच लाख होत नाहीत. इथे काहीही सिद्ध न करता मिळणारे पाच लाखच जास्त.

म्हणून एकाच्या घरी झालं ते बघून दुसऱ्याने ठरवू नये. वय, कमाई, अवलंबून किती आणि चुकीचा पुरावा, या चार गोष्टी मांडा आणि मग ठरवा.

हे पैसे देतो कोण? गाडीमालकांनी वाचा

भरपाईची जबाबदारी मुळात वाहनमालकाची. पण मालकाकडे 28 लाख असतीलच असं नाही आणि मग गेलेल्याच्या घराला नुसता निकालाचा कागद मिळेल. म्हणून कलम 146 ने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला. करारात पहिला पक्ष मालक, दुसरा विमा कंपनी आणि तिसरा म्हणजे रस्त्यावरचा परका माणूस. हप्ता मालक भरतो, पण राखण तिसऱ्याची होते. चालकाकडे लायसन नसलं तरी न्यायालयं बऱ्याचदा कंपनीला आधी पैसे द्यायला लावतात आणि मग ते मालकाकडून वसूल करायची मुभा देतात. म्हणजे पीडिताचं घर वाचतं, पण मालक सुटत नाही.

आपल्याकडची नेहमीची चूक कुठे होते ते सांगतो. बंदीत पिकअप दोन महिने उभी असते. तेवढ्यात पॉलिसी संपते, लक्ष राहत नाही आणि 1 ऑगस्टला गाडी थेट जेटीवर. त्या दिवशी कोणाला धक्का लागला तर पूर्ण रक्कम मालकाच्या खिशातून जाणार. मालवाहू गाडीची पॉलिसी दर वर्षी नवी करावी लागते. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर घातला की विमा कधीपर्यंत आहे ते दिसतं. जुलैत एकदा बघून घ्या.

दुसरी चूक म्हणजे पिकअपच्या हौद्यात माणसं बसवणं. स्वतःची मासळी घेऊन केबिनमध्ये बसलेली विक्रेती मालाची मालकीण म्हणून विम्यात येते. पण मालवाहू गाडीत प्रवासी म्हणून मागे बसवलेल्यांची जबाबदारी कंपनी नाकारू शकते आणि ती मालकावर येते.

तिसरी गोष्ट. मालक स्वतः गाडी चालवताना गेला तर तो स्वतःच्या पॉलिसीत 'तिसरा' नसतो. त्यासाठी मालक-चालकाचं वैयक्तिक अपघात संरक्षण वेगळं असतं, 15 लाखांचं. पॉलिसीवर ती ओळ आहे का बघा. आणि हा सगळा कायदा रस्त्यावरच्या वाहनांचा आहे. होडी किंवा ट्रॉलर त्यात येत नाही. समुद्रातल्या अपघाताला याखाली दावा होत नाही.

वेळ आणि कागद

कलम 166 चा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करायचा. वर्षश्राद्धानंतर बघू म्हणून थांबू नका. अर्ज अपघाताच्या ठिकाणीच करावा लागतो असं नाही. दावेदार जिथे राहतो तिथेही चालतो. परराज्यातल्या खलाशांच्या घरच्यांना हे जरूर कळवा.

कागद हे लागतात : एफआयआर आणि पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल किंवा इस्पितळाचे कागद, वयाचा दाखला, घरच्यांची ओळखपत्रं आणि कमाईचा पुरावा. आपल्याकडे अडतं ते या शेवटच्यावर. वाटणी रोख होते, कागद नसतो, मग न्यायाधिकरण अंदाजाने कमी कमाई धरतं. महिन्याला पाच हजार कमी धरले, तर वरच्या हिशोबात जवळपास आठ लाखांचा फरक पडतो. होडीमालकांना आमची विनंती, खलाशाची वाटणी बँकेत जमा करा, नाहीतर निदान वहीत लिहून त्याची सही घ्या.

पळून गेलेल्या वाहनाचा पत्ता लागला नाही, तर कलम 161 खाली मृत्यूला 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50 हजार मिळतात. पुढे वाहन सापडून त्याच्यावर भरपाई मिळाली तर ही रक्कम त्यातून वळती होते.

वहिनीने सही केली नाही. देकार नाकारला म्हणून काही बुडत नाही, न्यायाधिकरण सुनावणीची तारीख लावतं. वकिलाकडून तसं कळवलं आहे. मालकाने दहा महिन्यांच्या वाटणीची वही काढून दिली, ती अर्जाला जोडली. निकाल लागायला वेळ जाईल आणि आकडा 28 लाखच येईल असं आम्ही तिला सांगितलेलं नाही. पण काय सोडतोय आणि काय धरतोय, ते कळून तिने ठरवलं.

असा कागद तुमच्या घरी आला तर सही करण्याआधी तो घेऊन कचेरीत या. हिशोब मांडायला अर्धा तास लागतो.