जपानी मेनूचा प्रोजेक्टर : खर्च कुठे करावा, कुठे करू नये

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत वापरलेला प्रोजेक्टर घ्यायला गेलात, तर कधीकधी जपानी मेनूचं मशीन समोर येतं. मशीन चांगलं असतं, किंमतही परवडते, पण चालू केल्यावर पडद्यावर एक अक्षर वाचता येत नाही. मग दुरुस्तीवाल्याला बोलावलं जातं. तो घरी येण्याचे तीनशे ते पाचशे रुपये घेतो आणि बहुतेक वेळा पाच मिनिटांत रिमोटची चार बटणं दाबून जातो. ती चार बटणं आपली आपल्याला दाबता येतात. पैसे खरोखर लागतात ते केबल आणि कन्व्हर्टरसाठी, तेही प्रत्येकालाच लागतात असं नाही.

उदाहरणाला एप्सनचा जुना एक्सजीए प्रोजेक्टर घेऊ, कारण शाळा, क्लास आणि छोट्या ऑफिसांत हाच प्रकार जास्त दिसतो. त्याची मूळ रचना आडवे 1024 आणि उभे 768 ठिपके अशी असते. लॅपटॉप आजचा, म्हणजे 1920 × 1080 चा. प्रोजेक्टर सुरू केला की बहुतेकदा निळा पडदा येतो आणि त्यावर `映像信号が入力されていません` ही ओळ. तिचा अर्थ एवढाच, की निवडलेल्या इनपुटवर चित्र येत नाही. मशीन बिघडलेलं नाही.

आधी इनपुट. जपानी रिमोटवर `入力検出` असं लिहिलेलं बटण असतं. ते दाबलं की प्रोजेक्टर एकेक सॉकेट तपासत जातो आणि जिथे चित्र मिळेल तिथे थांबतो. त्यासाठी लॅपटॉप आधीच जोडलेला, चालू आणि बाहेर चित्र पाठवत असला पाहिजे, नाहीतर प्रोजेक्टर शोधून शोधून पुन्हा त्याच निळ्या पडद्यावर येतो. लोक इथेच जास्त अडकतात आणि दोष मेनूला देतात. लॅपटॉपवर विंडोज असेल तर विंडोजची कळ दाबून ठेवून P दाबा आणि Duplicate निवडा, मग शोधाचं बटण दाबा. इनपुटच्या यादीत HDMI हे नाव इंग्रजीतच असतं. `コンピューター` म्हणजे निळ्या रंगाचं, पंधरा छिद्रांचं व्हीजीए सॉकेट.

प्रोजेक्टरला फक्त व्हीजीए सॉकेट असेल तर खर्च टळत नाही. लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून व्हीजीएत नेणारा कन्व्हर्टर साधारण तीनशे ते सहाशे रुपयांना मिळतो. हा एकाच दिशेने चालतो. दुकानात फक्त ‘एचडीएमआय-व्हीजीए’ म्हटलं तर उलट दिशेचाही हातात पडू शकतो, म्हणून ‘लॅपटॉपची बाजू एचडीएमआय, प्रोजेक्टरची बाजू व्हीजीए’ असं स्पष्ट सांगा. व्हीजीएतून आवाज जात नाही. आवाज हवा असेल तर बाजूला ऑडिओची पिन असलेला कन्व्हर्टर घ्या. दोन्हीकडे एचडीएमआय असेल तर दीड मीटरची साधी केबल दीडशे ते तीनशे रुपयांत येते. प्रोजेक्टर छताला टांगायचा असेल तर दहा मीटरच्या केबलला हजाराच्या आसपास धरा. लांब केबल स्वस्तातली घेतली की चित्र मधूनच जातं, म्हणून इथे काटकसर नको.

आता भाषा. मेनूचं बटण दाबा. डावीकडे मुख्य विभागांची यादी येते. त्यातला `拡張設定` हा विभाग निवडा आणि आत खालपर्यंत उतरा. शेवटाजवळ `言語` दिसेल, म्हणजे भाषा. ते उघडलं की भाषांची नावं आपापल्या लिपीत दिसतात आणि त्यात English ओळखू येतं. अक्षरं जुळवणं अवघड जात असेल तर त्याच कंपनीच्या, त्याच पिढीच्या प्रोजेक्टरचं इंग्रजी माहितीपुस्तक कंपनीच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घ्या. मेनूचा क्रम सहसा तोच असतो, म्हणून वरून कितवी ओळ ते मोजून चालता येतं.

‘सगळं रीसेट करून बघतो’ असं कोणी म्हटलं तर थांबवा. एप्सनच्या अनेक मॉडेलांत `全初期化` केल्यावर रंग, चौकट वगैरे मूळ पदावर जातात, भाषा मात्र आहे तीच राहते. त्याच्याच शेजारी `ランプ点灯時間初期化` असतं. ते चुकून दाबलं तर दिव्याचे वापरलेले तास शून्य होतात आणि दिवा कधी बदलायचा याचा हिशेब कायमचा हरवतो.

रिझोल्यूशनसाठी प्रोजेक्टरचा मेनू धुंडाळू नका. ते लॅपटॉपवर ठरतं, आणि प्रोजेक्टरच्या मेनूत `自動` म्हणजे आपोआप असेल तर तसंच ठेवा. आपल्या उदाहरणात Duplicate ठेवलं की दोन्ही पडद्यांना एकच रिझोल्यूशन मिळतं. लॅपटॉपचं 1920 × 1080 चं रुंद चित्र प्रोजेक्टरला 1024 × 576 मध्ये कोंबावं लागतं. वर आणि खाली 96-96 ठिपक्यांच्या काळ्या पट्ट्या राहतात, आणि अक्षरं जवळजवळ निम्म्या ठिपक्यांत बसवल्यामुळे एक्सेलमधले आकडे मागच्या बाकावरून वाचता येत नाहीत. लेन्स फिरवून हा धूसरपणा जात नाही, कारण तो फोकसचा नसतोच.

यावर उपाय फुकट आहे. पुन्हा विंडोज आणि P दाबून Second screen only किंवा Extend निवडा. मग सेटिंग्जमध्ये System, त्यात Display उघडा, प्रोजेक्टरचा पडदा निवडा आणि Display resolution मध्ये 1024 × 768 घ्या. बहुधा त्याच्यापुढे Recommended लिहिलेलं असतं, कारण प्रोजेक्टर केबलमधून आपली मूळ रचना लॅपटॉपला स्वतःच कळवतो. स्वस्त कन्व्हर्टर किंवा जुनी व्हीजीए केबल ही माहिती पुढे जाऊ देत नाही, तेव्हा आकडा हाताने निवडावा लागतो. व्हीजीएवर चित्र एका बाजूला सरकलं किंवा अक्षरांभोवती थरथर दिसली तर रिमोटवरचं ऑटोचं बटण एकदा दाबा.

झालं की नाही ते प्रोजेक्टरच सांगतो. मेनूतल्या `情報` या पानावर `入力解像度` च्या समोर आकडे असतात. तिथे 1024 × 768 दिसलं की काम फत्ते. त्याच पानावर `ランプ点灯時間` म्हणजे दिव्याचे तासही आहेत, आणि वापरलेलं मशीन घेताना किमतीची घासाघीस या आकड्यावर करायला हवी.

नवा, स्वस्त चिनी प्रोजेक्टर घेत असाल तर मेनूत `语言` म्हणजे भाषा, `信号源` म्हणजे इनपुट आणि `分辨率` म्हणजे रिझोल्यूशन. त्यांच्या खोक्यावरच्या ‘4K सपोर्ट’वर जाऊ नका. मशीन तेवढं चित्र आत घेतं, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. दाखवतं किती, ते ‘नेटिव्ह’ या शब्दापुढे लिहिलेलं असतं, आणि तो आकडा 1280 × 720 किंवा त्याहून कमीही असतो.

आणखी एक गोष्ट पैसे देण्याआधी बघा. मशीनच्या मागच्या पट्टीवर 100-240V लिहिलेलं हवं. नुसतं 100V असेल तर ते आपल्या 230 व्होल्टवर थेट लावता येत नाही, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो आणि स्वस्तात मिळाल्याचा फायदा त्यातच जातो. जपानच्या बाजारासाठीच बनलेल्या काही मशीनमध्ये इंग्रजी मेनू नसतोही. म्हणून आपला लॅपटॉप दुकानात घेऊन जा, काउंटरवरच मेनू इंग्रजीत करून दाखवायला सांगा, माहितीचं पान बघा आणि मगच पैसे द्या.