‘एआयने लिहिलं’ म्हणून बिल अडवलं तर?

प्रश्न : मी वणीहून (जि. यवतमाळ) पुण्याच्या एका एजन्सीसाठी लेख लिहिते. बारा लेखांचे १८,००० रुपये झाले. महिन्याभराने तीन लेखांवर ‘एआय’चा शेरा मारून त्यांनी सगळंच बिल रोखलं. करारात ‘मजकूर मौलिक असेल’ एवढीच हमी आहे. पैसे बुडाले का?

उत्तर : नाही. मौलिकतेची हमी म्हणजे मजकूर दुसऱ्याचा उचललेला नाही, ही हमी. एआय न वापरण्याची अट वेगळी लिहावी लागते, ती तुमच्या करारात नाही. शिवाय तपासणी सॉफ्टवेअरचा आकडा हा अंदाज असतो. ओपनएआयने स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. कराराचा भंग झाल्याचं एजन्सीलाच सिद्ध करावं लागेल. उरलेल्या नऊ लेखांचे १३,५०० रुपये अडवायला तर कारणच दिसत नाही.

गूगल डॉक्सची आवृत्ती-नोंद, टिपणं, मुलाखतींचं ध्वनिमुद्रण जपा आणि ईमेलने लेखी मागणी करा. कामाआधीच तुमची ‘उद्यम’ नोंदणी झालेली असेल, तर २००६चा एमएसएमईडी कायदा मदतीला येतो : लेख पोहोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत नसेल तर ते स्वीकारले असं धरतात, आणि पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात.

पुढच्या करारात एवढं घालून घ्या : एआयची कोणती मदत चालेल (शुद्धलेखन, भाषांतर), शेऱ्यानंतर खुलाशाला सात दिवस, आणि कपात फक्त त्या लेखापुरती. ‘आमच्या साधनाचा निकाल अंतिम’ हे वाक्य असेल तर सही करू नका.