एक सेंटिमीटर आणि चार सेंटिमीटर

आमच्या बडोद्याच्या घरी गुजराती छापं येतं. त्यात एकदा एका वित्तसंस्थेची मुदतठेवींची जाहिरात आली. तीन खांब होते. दोन इतर संस्थांचे बुटके आणि त्यांचा स्वतःचा उंच, हिरवागार. माझी ठेव सगळ्यांत बुटक्या खांबाच्या संस्थेत होती. आपण नुकसानीत आहोत असं वाटून मी दुसऱ्याच दिवशी ती मोडली.

दोन लाखांची, दोन वर्षांची ठेव ७.१ टक्क्यांची होती आणि तिला एक वर्ष झालं होतं. मुदतीआधी मोडल्यामुळे व्याजदर एक टक्क्याने कापला, म्हणजे साधारण दोन हजार रुपये गेले. नव्या ठिकाणी दर होता ७.४. उरलेल्या वर्षात जास्तीचे मिळणार होते सहाशे.

मग मी जाहिरात पट्टीने मोजली. माझ्या संस्थेचा खांब १ सेंटिमीटर, त्यांचा ४. डावीकडच्या उभ्या रेषेच्या तळाशी बारीक अक्षरात ७.० छापलेलं होतं. म्हणजे प्रत्येक खांबाचे पहिले सात टक्के कागदाखालीच कापले होते आणि फक्त शेंडे दाखवले होते. वहीत मी तेच खांब शून्यापासून काढले. एक ७.१ सेंटिमीटर, दुसरा ७.४. फरक फक्त तीन मिलिमीटर.

अमेरिकन अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी १९८३ च्या पुस्तकात अशा चित्रांसाठी एक माप दिलं आहे. चित्रातली वाढ भागिले आकड्यांतली वाढ. प्रामाणिक चित्रात उत्तर एकच्या आसपास येतं. माझ्या जाहिरातीत चित्र ३०० टक्क्यांनी वाढलं होतं, आकडा जेमतेम सव्वाचार टक्क्यांनी. उत्तर सत्तरच्या वर गेलं.

तरी तळाशी शून्य नाही म्हणून प्रत्येक आलेख खोटा मानू नका. बडोद्याजवळच्या आजवा सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून मोजतात, पावसाळ्यात ती २१२-२१३ फुटांपर्यंत जाते. शून्यापासून काढली तर पावसाळाभर रेघ सपाटच दिसेल. पण तिथला एकेक फूट शहरातल्या विश्वामित्री नदीत किती पाणी येणार हे ठरवतो आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये शहरात शिरलेलं पाणी आम्ही पाहिलं आहे. तिथे २०५ पासून सुरू होणारी रेघच उपयोगाची. रेघेत आपण चढउतार वाचतो, खांबात मात्र डोळा थेट लांबी मोजतो. म्हणून खांबाचा पाय कापला की चित्र फसवं झालंच. रेघेच्या बाबतीतही उभी मोजपट्टी ताणून उताराचा कडा करता येतो, तेव्हा तिथेही दोन टोकांचे आकडे वाचा.

आता मी खांब हाताने झाकतो, फक्त आकडे वहीत उतरवतो आणि फरक रुपयांत काढतो. ठेव मोडायची असेल तर दंडाची रक्कम त्याच्याच शेजारी लिहितो.