जबानी आणि छापील नक्कल

लालबागच्या एका चाळीत राहणाऱ्या आणि उमेदीची सारी वर्षे गिरणीच्या विणाई खात्यात साचे चालवण्यात घालवलेल्या एका वृद्ध विणकराची मुलाखत मी ध्वनिमुद्रित करून लेखरूपाने एका मासिकाकडे सोपवली होती. ती छापून आल्यावर त्याच मजल्यावरचा त्यांचा एक जुना सोबती अंक हातात घेऊन त्यांच्या दारात आला आणि ‘तू घाटकोपरला कधी रे गेला होतास?’ असे त्याने सर्वांदेखत विचारले. हे विणकर, म्हणजे काका, घाटकोपरला गेल्याचे माझ्या मसुद्यात नव्हते, ध्वनिमुद्रणात तर नव्हतेच; परंतु छापील पानावर ते होते, आणि तेही काकांच्या नावाने, अवतरणचिन्हांत. हा फरक कोठे पडला ते सांगण्यापूर्वी अशी मुलाखत मुळात कशी घडते हे सांगणे प्राप्त आहे, कारण लेखातील पुष्कळ दोषांचे बीज ध्वनिमुद्रणाच्या वेळीच पडलेले असते.

तज्ज्ञ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर प्राध्यापक किंवा डॉक्टर येतो. पण धोट्यातली कांडी संपत आली हे साच्याच्या आवाजावरून ओळखणारा विणकर हाही त्याच अर्थाने तज्ज्ञ, आणि त्याच्याशी बोलताना पहिली अडचण येते ती ही की त्याचे ज्ञान बोलण्यापेक्षा हातात अधिक असते. ताण्याचा धागा तुटला तर काय करायचे, असे मी विचारले, तेव्हा काका म्हणाले, ‘साचा थांबवायचा, मग असं धरायचं, असं ओढून घ्यायचं, गाठ मारायची की झालं.’ समोर बसलेल्याला हे लख्ख समजते. चार दिवसांनी कानाला यंत्र लावून बसलेल्याला मात्र दोन ‘असं’ ऐकू येतात आणि त्यांच्यामागचे दोन्ही हात हरवलेले असतात. म्हणून हातवारे दिसताच त्यांना तेथल्या तेथे शब्द द्यावेत, म्हणजे ‘तुटलेलं टोक शोधून फणीतून ओढून घ्यायचं ना, काका?’ असे आपणच मोठ्याने विचारावे. वर्णन चुकले असेल तर तो मनुष्य तत्काळ दुरुस्ती करतो, आणि ती दुरुस्ती त्याच्या तोंडच्या शब्दांत मुद्रित होते, हा लाभ वेगळाच.

दुसरी अडचण गिरणगावाची खास आहे. साच्यांच्या गदारोळात वर्षानुवर्षे काढलेल्या माणसाचे कान शाबूत राहत नाहीत. त्या खात्यात माणसे ओठांच्या हालचालींवरून आणि खुणांवरूनच एकमेकांशी बोलत. मी ‘पगार किती होता?’ असे विचारले आणि उत्तर आले, ‘आठ तास, दुसरं काय!’ काकांनी ‘पाळी’ ऐकली होती. हा गोंधळ हास्यास्पद म्हणून ध्यानात राहतो; धोका असतो तो जेथे उत्तर चुकीच्या प्रश्नालाही अर्ध्याहून अधिक जुळते तेथे. तेव्हा महत्त्वाचा प्रश्न समोर बसून, चेहरा उजेडात ठेवून विचारावा, उत्तरानंतर ‘म्हणजे तुम्ही अमुक म्हणता’ असा त्याचा पुनरुच्चार करावा, आणि लिहिताना जे उत्तर ज्या प्रश्नाचे नाही ते त्याच्याखाली कदापि बसवू नये, मग ते कितीही चपखल बसत असो.

यंत्राची व्यवस्था दोन ओळींत सांगून होते. फोन लाकडी टेबलावर उघडा ठेवला तर पेल्याचा प्रत्येक ठोका त्यात उतरतो, म्हणून खाली घडी घातलेला पंचा ठेवावा; पंखा बंद करण्याची परवानगी घ्यावी; येणारे फोन बंद करावेत; जवळ दुसरे यंत्र असावे, आणि आरंभी अर्धा मिनिट मुद्रित करून ते ऐकून पाहावे. लालबागेत श्रावण-भाद्रपदात मुलाखत ठेवू नये, हे तेथे एकदा गेलेल्यास सांगावे लागत नाही.

आता खरे काम. तासाभराचे बोलणे कागदावर उतरवण्यास चार ते सहा तास लागतात, आणि हे काम दुसऱ्याकडून करवून घेतले तरी ध्वनिमुद्रण स्वतः पुन्हा एकदा संपूर्ण ऐकावेच लागते. पहिल्या उताऱ्यात काहीही सुधारू नये: अडखळणे, पुनरुक्ती, अर्धवट वाक्ये, मधले खोकणे, सारे जसेच्या तसे; दर मिनिटाला समासात वेळेचा आकडा; न समजलेला शब्द असेल तेथे चौकोनी कंसात प्रश्नचिन्ह. हे सर्व छापावयाचे नसते, हे खरे. परंतु छापील वाक्य कोणत्या मूळ वाक्यातून आले याची रुजुवात घालता आली पाहिजे, आणि तशी ती घालता येण्याला हा ओबडधोबड उतारा हेच एकमेव दप्तर आहे.

काकांच्या उताऱ्यातला वादाचा भाग असा होता:

‘संप ना… संप आमचा दिवाळीतच. बोनस… ते टक्के किती ते राहू दे आता. आमचं खातं आधी, म्हणजे विणाई, मग बाकीचे आले, बाकीचे सगळे. डॉक्टर तेव्हा… डॉक्टरांच्या मनात नव्हतं म्हणतात, लोकांनीच आणलं त्यांना. मी नव्हतो तिथं. भाऊ होता माझा, घाटकोपरला गेलेले ना, त्यात.’

मी केलेला लेखातला पाठ असा:

‘आमचा संप दिवाळीतच सुरू झाला. आधी आमचं विणाई खातं बाहेर पडलं, मग बाकीचे सगळे आले. डॉक्टरांच्या मनात नव्हतं म्हणतात. लोकांनीच त्यांना आणलं. मी तिथं नव्हतो. माझा भाऊ होता, घाटकोपरला गेलेल्यांत.’

यात काय गळले ते पाहावे: आरंभीचे ‘संप ना’, टक्क्यांचे अर्धवट वाक्य, दोनदा आलेले ‘बाकीचे’. दोन ठिकाणी क्रियापद घातले, कारण बोलताना जे आवाजाने पुरे होते ते कागदावर अपुरे राहते. ‘नव्हतं’ हे ‘नव्हते’ केले नाही. उच्चार प्रमाणलेखनात आणण्याच्या नादात बोलीतला शब्द बदलला की मनुष्य बदलतो. आणि दोन गोष्टींना मी मुद्दाम हात लावला नाही: एक ‘म्हणतात’ आणि दुसरे ‘मी तिथं नव्हतो’. ऐकीव गोष्ट आणि पाहिलेली गोष्ट यांच्यामधली सारी भिंत या दोन ठिकाणी उभी आहे. बोलण्यातली अडखळ काढावी, पण ‘मला वाटतं’, ‘ऐकलंय’, ‘नक्की आठवत नाही’ यांना अडखळ समजू नये; ती साक्षीची मर्यादा असते.

मासिकाच्या कचेरीत कोणा परीक्षकाने या परिच्छेदावर नजर टाकली आणि त्यास दोन ‘दोष’ दिसले. गिरणी संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला, हे त्यास पाठ होते, म्हणून ‘दिवाळीतच’ खोडून ती तारीख घातली गेली. आणि परिच्छेद लांब वाटला म्हणून ‘म्हणतात’ व ‘मी तिथं नव्हतो. माझा भाऊ होता’ एवढे गाळले गेले. उरले ते हे, की काका स्वतः घाटकोपरला गेले आणि डॉक्टर दत्ता सामंतांना त्यांनी संपात आणले. पहिली दुरुस्ती तर आणखी मजेशीर होती, कारण ती चूक होती. सुमारे अडीच लाख कामगारांचा सार्वत्रिक संप जानेवारीत सुरू झाला हे निर्विवाद. परंतु बोनसच्या प्रश्नावरून काही गिरण्या १९८१च्या दिवाळीच्या सुमारासच बाहेर पडल्या होत्या, आणि काका त्यांपैकी एका गिरणीतले होते. ज्यास चूक म्हणून खोडले तो त्यांच्या कथनातला सर्वांत मोलाचा तपशील होता.

तज्ज्ञाची तारीख पुस्तकातल्या तारखेशी जुळली नाही तर ती मुकाट्याने बदलण्याचा अधिकार कोणास नाही. चूक असली तरीही नाही. इटलीतील तेर्नी या पोलाद-नगरीत १७ मार्च १९४९ रोजी लुईजी त्रास्तुल्ली हा कामगार पोलिसांच्या गोळीने मारला गेला, आणि अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने पुढे मुलाखती घेतल्या तेव्हा अनेकांनी तो मृत्यू १९५३ सालच्या, कारखान्यातल्या मोठ्या कामगारकपातीनंतरच्या दंगलीत घडल्याचे सांगितले. पोर्तेल्लींनी ती तारीख दुरुस्त करून टाकली असती, तर एका शहराने आपला सर्वांत मोठा आघात आणि आपला मृत यांना स्मृतीत एकत्र कसे आणले, हे कोणासही कळले नसते. रीत अशी, की आधी बोलणाऱ्या माणसासच ‘सार्वत्रिक संप जानेवारीतला ना?’ असे विचारावे. तरीही तो ठाम असेल तर त्याचे शब्द तसेच ठेवावेत, आणि खरी तारीख आपल्या निवेदनात, अवतरणाबाहेर द्यावी. गिरणगावाच्या मौखिक इतिहासाचे नीरा आडारकर आणि मीना मेनन यांचे २००४ साली प्रसिद्ध झालेले इंग्रजी पुस्तक उघडले तर कामगारांची प्रथमपुरुषी निवेदने आणि लेखिकांचे जोडनिवेदन यांची वाटणी स्पष्ट दिसते. कोण बोलत आहे हा संशय वाचकास पडत नाही.

याच न्यायाने, ध्वनिमुद्रणाच्या बाराव्या आणि सत्तेचाळिसाव्या मिनिटाला आलेली दोन वाक्ये एकाच अवतरणात जोडू नयेत. विषयवार मांडणीसाठी उत्तरांचा क्रम बदलणे क्षम्य आहे, आणि तासाभराच्या हजारो शब्दांतून दीड हजारांचा लेख काढताना ते अटळही आहे. पण जोड असेल तेथे अवतरण बंद करून ‘पुढे एके ठिकाणी ते म्हणाले’ असे लिहावे. वाक्य ‘सुंदर’ होण्यासाठी आपले विशेषण त्यात घालण्याचा मोह होतो. तो होताच ध्वनिमुद्रण लावून ते वाक्य काकांच्या आवाजात ऐकावे. ते विशेषण त्या आवाजात उच्चारता येत नाही, असे बहुधा आढळते.

त्या प्रसंगानंतर मी मसुद्यासोबत संपादकाकडे एक स्वतंत्र चिठ्ठी देतो. तीत न बदलण्याची वाक्ये वेळेच्या आकड्यासह लिहिलेली असतात, प्रत्येकापुढे कारणाचा शेरा असतो, आणि छपाईपूर्वीचे शेवटचे पान मला दाखवावे ही अट असते. ही अट सर्वच संपादकांना रुचत नाही. ज्यांना रुचली नाही त्यांच्याकडे दुसऱ्याच्या तोंडचा मजकूर देत नाही, स्वतःचा खुशाल देतो.

मसुदा छापण्यापूर्वी बोलणाऱ्यास वाचून दाखवावा, की तो त्याच्यापासून राखून ठेवावा, याविषयी वृत्तपत्रीय मंडळींचे मत माझ्याहून निराळे आहे, आणि सत्ताधाऱ्याची मुलाखत असेल तर ते रास्तही आहे. पण ज्याच्याजवळ आपल्या शब्दांवाचून दुसरे हत्यार नाही अशा माणसास मी वाचून दाखवतो; मात्र आरंभीच सांगून ठेवतो की तपशिलाची दुरुस्ती घेईन, आणि जे वाक्य त्यास अडचणीत आणेल ते गाळीन, परंतु बोलले त्याच्या उलट लिहिणार नाही. काकांनी वाचन ऐकून एका जॉबरविषयीचे वाक्य काढावयास सांगितले, कारण त्याचा नातू खालच्या मजल्यावर राहतो. त्यांची सून म्हणाली, ‘बाबांचं ते गावाकडचं बोलणं जरा नीट करा ना, लोक हसतील.’ जॉबरचे वाक्य मी काढले. गावाकडच्या बोलण्याबद्दल काकांनीच सुनेला सांगितले, ‘राहू दे गं, ते माझंच आहे.’ छापील चुकीबद्दल मासिकाच्या पुढच्या अंकात दोन ओळींचा खुलासा आला, आणि मूळ ध्वनिमुद्रणाची न कापलेली प्रत, तारीख व ठिकाण लिहून, काकांच्या मुलाकडे दिली. जॉबरचे वाक्य तीत आहे, आणि ते कोणी केव्हा ऐकावे हे आता त्या घराने ठरवायचे आहे.