आळीतल्या हौदाची वर्गणी

प्रश्न : पुण्याच्या पेठेत आमच्या आळीच्या तोंडाशी कात्रजच्या नळावरचा एक जुना दगडी हौद आहे. एका भिंतीत पिंपळ रुजला आहे, दगड सुटत आहेत. साठ-सत्तर घरे वर्गणीला तयार आहेत. काही जणांची मुले अमेरिकेत आहेत, तीही पैसे पाठवू म्हणतात. एकाच्या मोबाईलवर यूपीआयने पैसे घेऊन काम सुरू केले तर चालेल का?

उत्तर : नाही. कामाच्या आधी दोन कागद हवेत. पहिला हौदाच्या मालकाचा. तो महापालिकेचा असेल तर पालिकेच्या वारसा विभागाची लेखी संमती घ्या. शनिवारवाड्यासारखे केंद्राचे संरक्षित स्मारक १०० मीटरच्या आत असेल, तर दुरुस्तीलाही सक्षम प्राधिकाऱ्याची वेगळी परवानगी लागते. दुसरा कागद धर्मादाय कार्यालयाचा. नोंदणी नसलेल्या गटाला सार्वजनिक कामासाठी वर्गणी गोळा करायची असेल, तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१क खाली परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सवाआधी मंडळे घेतात तीच ही. तिची मुदत ठरलेली असते आणि नंतर हिशेब द्यावा लागतो.

याहून सोपी वाट आहे. आळीत नोंदणीकृत वाचनालय किंवा मंडळ असेल, तर त्याच्या विश्वस्तांनी ठराव करून फक्त हौदासाठी वेगळे बँक खाते उघडावे. त्याआधी त्यांच्या घटनेतल्या उद्देशांत असे काम बसते का, ते वाचून घ्या. ८०जी नोंदणी त्या संस्थेकडे असेल तरच देणगीदाराला करसवलत मिळते, आणि २,००० रुपयांवरची रोख देणगी त्यात धरली जात नाही. संस्थेकडे ही नोंदणी नसेल, तर पावतीवर सवलतीचा उल्लेखही करू नका.

अमेरिकेतल्या मुलांचा मुद्दा नाजूक आहे. ज्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे, त्याने बँकेमार्फत पाठवलेली स्वतःची रक्कम चालते. ज्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले, त्याचे पैसे ओसीआय कार्ड असले तरी परकीय देणगी ठरतात आणि त्यासाठी संस्थेची परकीय देणग्यांविषयीच्या २०१० च्या कायद्याखाली नोंदणी हवी. ती नसेल तर असे पैसे नम्रपणे नाकारा. आईच्या खात्यातून फिरवून देण्याची युक्ती तर अजिबात नको.

वर्गणी दोन टप्प्यांत मागा, हा माझा आग्रह आहे. समजा पहिल्या टप्प्यात २५,००० रुपये जमवले. त्यातून जुन्या बांधकामाची जाण असलेल्या वास्तुविशारदाकडून मोजमाप, फोटो आणि अंदाजपत्रक करून घ्या. ते असे येऊ शकेल : पिंपळ मुळासकट काढून आधीच्या दुरुस्तीचे सिमेंट उकरणे ४५,०००, सुटलेले दगड पुन्हा बसवणे ४५,०००, चुन्याने दरजा भरणे ८५,०००. म्हणजे १,७५,०००. भिंत उघडल्यावर आतली पोकळी दिसते आणि खर्च वाढतो, म्हणून ३०,००० राखून ठेवा. दुसऱ्या टप्प्याची मागणी २,०५,००० ची झाली. एखादा गवंडी सिमेंट स्वस्तात भरून देतो म्हणेल. त्याला थांबवा. सिमेंट ओल आत कोंडते, क्षार साचतात आणि दगडाचेच पापुद्रे निघतात. चुन्याला सावकाश सुकू द्यावे लागते, ओल्या गोणपाटाने झाकावे लागते. म्हणून पावसाळ्यात हे काम नको. दिवाळीपर्यंत पैसे उभे करा आणि जानेवारीत काम सुरू करा.

प्रत्येक पावतीवर एक ओळ छापा : रक्कम कमी पडली किंवा उरली तर तिचे काय होईल. कमी पडल्यास परत देणार की फक्त पिंपळ आणि सुटलेल्या दगडांपुरते काम करणार, उरल्यास हौदाच्या देखभालीला ठेवणार का, हे आधी ठरले नाही तर भांडण तिथेच लागते.

माणसांची विभागणी अशी करा की पैसा कोणा एकाच्याच हातात सुरू होऊन संपणार नाही. घरोघर जाणाऱ्यांकडे फक्त क्रमांक घातलेली पावतीपुस्तके असावीत, आणि रोख रक्कम दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी बँकेत भरलीच पाहिजे. खजिनदार चेक लिहील, सह्या दोघांच्या. ठेकेदारांची दरपत्रके आणणारा बिल मंजूर करणारा नसावा. कामावर रोज उभे राहणारा किती काम झाले ते फोटोसह लिहील, आणि त्यावर वास्तुविशारदाची सही झाल्यावरच हप्ता सुटेल. समितीबाहेरचा एक जण, निवृत्त बँक कर्मचारी असेल तर उत्तम, दर आठवड्याला पावत्यांची स्थळप्रत आणि पासबुक ताडून पाहील. कोरी पावती किंवा रद्द झालेली पावती पुस्तकातच राहिली पाहिजे. क्रमांक गळाला तर त्याच दिवशी विचारा.

फलकावर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक कागद लावा : पावती क्रमांक कुठून कुठपर्यंत, जमा किती, खर्च किती, बँकेत शिल्लक किती, सोबत बिलांच्या प्रती. देणगीदारांची नावे व रकमा तिथे लावू नका, पावती क्रमांक पुरेसा आहे. ज्याने शंभर रुपये दिले त्याला संकोच वाटू नये आणि आपली पावती हिशेबात आहे हे मात्र त्याला पाहता यावे.

पालिकेचा लेखी होकार येईपर्यंत पहिले २५,००० सोडून कुणाकडून एक रुपयाही घेऊ नका.